तांदूळ आणि ओट्स: वजन कच्चं धरायचं की शिजलेलं?

प्रश्न: कॅलरी मोजायच्या ॲपमध्ये भात आणि ओट्सची नोंद करताना वजन कच्चं टाकायचं की शिजल्यावरचं?

शक्यतो कच्चं टाका. शिजताना वाढतं ते फक्त पाणी, आणि ते दर वेळी सारखं नसतं. मोकळा भात आणि आसट भात यांच्या एकाच वाटीत तांदूळ वेगवेगळा असतो.

घरात सगळ्यांचा भात एकाच कुकरमध्ये लागतो, तेव्हा असं करा. समजा तांदूळ २०० ग्रॅम घेतला आणि भात ५६० ग्रॅम झाला (रिकाम्या भांड्याचं वजन आधीच करून ठेवा). तुमच्या ताटात १८० ग्रॅम भात आला, तर १८० × २०० ÷ ५६० म्हणजे साधारण ६४ ग्रॅम तांदूळ, सुमारे २३० कॅलरी. तेच १८० ग्रॅम ‘कच्चा तांदूळ’ म्हणून टाकले तर साडेसहाशेच्या घरात आकडा जातो. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ओळखायची खूण सोपी: १०० ग्रॅमला ३५०च्या आसपास कॅलरी दिसल्या तर ती नोंद कच्च्याची, १३०च्या आसपास दिसल्या तर शिजलेल्या भाताची.

ओट्सच्या पाकिटावरचे आकडे कोरड्याचेच असतात. भांड्यात टाकण्याआधी ४० ग्रॅम मोजा, दूध वेगळं नोंदवा. मग लापशी कितीही पातळ होऊ दे.