लूप रेकॉर्डिंगमध्ये गेलेले चित्रण: कार्डावर काय उरते?

प्रश्न: सोमवारी रात्री वणीहून गावी येताना रोही गाडीला धडकली. मंगळवारी नागपूरला जाऊन आलो आणि मग पाहिले, तर डॅशकॅममध्ये ते चित्रणच नाही. कार्ड ३२ जीबीचे आहे. विम्यासाठी ते मिळेल का?

एका कॅमेऱ्याचे चित्रण सेकंदाला १५ मेगाबिटने होत असेल, तर मिनिटाला सुमारे ११२ एमबी जागा लागते आणि ३२ जीबीचे कार्ड साडेचार तासांच्या आसपास भरते. कार्ड भरले की लूप रेकॉर्डिंग सर्वात जुन्या चित्रणावर नवे लिहू लागते. वणी-नागपूर जाण्यायेण्यात गाडी त्याहून जास्त वेळ चालली असेल, तर सोमवारच्या जागेवर मंगळवारचा रस्ता लिहिला गेला आहे, आणि तो भाग कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येणार नाही. पुसलेल्या फाइलचे नाव, तारीख आणि आकार यादीत दिसू शकतो. परंतु नावाची नोंद आणि प्रत्यक्ष चित्रण कार्डावर वेगवेगळ्या ठिकाणी असल्यामुळे नाव सापडणे म्हणजे चित्रण सापडणे नव्हे. फाइल उघडून कोपऱ्यात छापलेली तारीख पाहा. तिथे मंगळवार असेल, तर त्या फाइलपुरता शोध संपला.

तरीही कार्डावरचे `EVENT` किंवा `RO` नावाचे फोल्डर आधी तपासा. धडक किंवा जोराचा ब्रेक जाणवला की बरेच डॅशकॅम ती फाइल तिथे ठेवतात आणि लूप तिला हात लावत नाही. तिथे नसेल, तर कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात न घालता लिनक्स संगणकावर त्याची प्रतिमा, म्हणजे संपूर्ण कार्डाची एका फाइलमधली हुबेहूब प्रत, घ्या. `lsblk` ने कार्डाचे नाव नक्की करून पुढील आज्ञेत `sdb` च्या जागी तेच घाला:

```
sudo ddrescue /dev/sdb card.img card.map
```

पुढचा सगळा शोध या प्रतिमेवरच करावा. मूळ कार्डावर काहीही लिहू नये.

प्रश्न: पुसलेल्या फाइली शोधणाऱ्या PhotoRec या सॉफ्टवेअरने बऱ्याच फाइली काढून दिल्या, पण काही सुरूच होत नाहीत आणि काही मध्येच तुटतात. माझ्या गाडीला पुढे-मागे दोन कॅमेरे आहेत.

दोन्ही कॅमेरे एकाच वेळी लिहितात, त्यामुळे त्यांचे तुकडे कार्डावर एकाआड एक पडतात. PhotoRec मुख्यत्वे सलग जागा वाचत जाते, म्हणून पुढच्या चित्रणात मागचे तुकडे मिसळतात. दुसरे कारण असे की एमपी४ फाइलची अनुक्रमणिका, म्हणजे `moov` हा भाग, बहुधा शेवटी लिहिला जातो. तो नसला की चित्रे शाबूत असूनही फाइल उघडत नाही. त्याच कॅमेऱ्यावर त्याच सेटिंगने केलेली एक चांगली फाइल नमुना म्हणून देऊन `untrunc` चालवल्यास अशी फाइल अनेकदा दुरुस्त होते. मिसळलेले तुकडे मात्र ते वेगळे करत नाही. त्यासाठी तुकडे जुळवणारी प्रयोगशाळाच गाठावी लागते.

प्रश्न: ड्रोनने कपाशीच्या शेताचे नुकसान टिपले होते, कार्ड फॉरमॅट करून पुन्हा उडवले. आता काही होईल का?

साध्या फॉरमॅटमध्ये सहसा फक्त नोंदी जातात, त्यामुळे दुसऱ्या उड्डाणाने जेवढी जागा व्यापली तेवढेच नक्की गेले समजा आणि उरलेले वर सांगितल्याप्रमाणे प्रतिमेतून शोधा. त्याआधी ज्या फोनवरून ड्रोन उडवला तो पाहा: डीजेआयसारख्या काही ॲपमध्ये उड्डाणाचे कमी दर्जाचे चित्रण फोनवर साठवण्याची सोय असते. ती चालू असेल, तर ॲपचा कॅशे साफ करण्याआधी किंवा ॲप काढून टाकण्याआधी ते चित्रण बाहेर काढून घ्या.