केस स्टडीच्या स्लाइडवर चॅलेंज, ॲक्शन, रिझल्टमध्ये नेमकं काय लिहायचं?

प्रश्न: कोल्हापुरात आमची छोटी कंपनी आहे, फाउंड्र्यांमधली कॉम्प्रेसरच्या हवेची गळती शोधून बंद करून देतो. कंपनीच्या डेकमध्ये केस स्टडी टाकलीय, चॅलेंज, ॲक्शन, रिझल्ट असे तीन कप्पे केलेत. पण वाचून कुणी फोन करत नाही. त्या कप्प्यांत लिहायचं तरी काय?

उत्तर:

लिहायला रिझल्टपासून घ्या, मग चॅलेंज लिहा आणि ॲक्शन सगळ्यात शेवटी. स्लाइडवर दिसताना क्रम नेहमीचाच ठेवा.

चॅलेंजपासून लिहायला बसलं की हात आपोआप "ग्राहकाला विश्वासू सेवा पुरवठादार हवा होता" असं लिहितो. ही ग्राहकाची अडचण कुठे झाली? शिरोलीतल्या फाउंड्रीच्या मेंटेनन्स मॅनेजरला पुरवठादाराची ओढ नसते. दुसऱ्या शिफ्टला मोल्डिंग मशिनला प्रेशर मिळेना म्हणून त्याला घरी फोन येतो, आणि महिनाअखेरीला वीजबिलावरून मालक विचारतात, ही त्याची अडचण.

रिझल्ट आधी लिहिला की तुम्ही काय मोजलंय ते पक्कं होतं, आणि मग चॅलेंजही त्याच मापात लिहावं लागतं. बहुतेक स्लाइड इथंच फसतात. डावीकडे "विजेचा खर्च जास्त", उजवीकडे "सगळ्या गळत्या बंद केल्या". वाचणारा मनात म्हणतो, बरं मग, बिल किती कमी झालं? छापून घ्या आणि पेन्सिलीने चॅलेंजमधल्या प्रत्येक आकड्यापासून रिझल्टमधल्या त्याच्या जोडीदारापर्यंत रेघ ओढून बघा. रेघ अडकली तर स्लाइड अपुरी आहे.

तुमच्याच कामाचं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते धरलेत, तुम्ही तुमचे घाला.

75 किलोवॅटचा लोड-अनलोडवर चालणारा स्क्रू कॉम्प्रेसर. सुट्टीच्या दिवशी उत्पादन बंद, हवा वापरणारं काहीच चालू नाही, तरी तो दर दहा मिनिटांतली तीन मिनिटं लोडवर जातो. लोडचा वेळ भागिले लोड आणि अनलोड मिळून एकूण वेळ, म्हणजे गळती 30 टक्के. तुम्ही काम केलंत, त्याच परिस्थितीत पुन्हा घड्याळ लावलंत, तेव्हा दहा मिनिटांत एकच मिनिट लोड. गळती 10 टक्के.

इथं मोह होतो की 20 टक्के गळती वाचली, 75 चे 20 टक्के म्हणजे 15 किलोवॅट वाचले, लिहून टाका. असं लिहू नका. अनलोडवरचा कॉम्प्रेसर फुकट फिरत नाही, पूर्ण लोडच्या साधारण पाव ते एक तृतीयांश वीज तो तसाच खातो. 25 किलोवॅट धरले तर लोड आणि अनलोडमधला फरक 50 चा, आणि त्याचे 20 टक्के म्हणजे 10 किलोवॅट. दिवसाला 20 तास, महिन्याला 25 दिवस चालला तर 5,000 युनिट. आठ रुपये दर धरला तर 40,000 रुपये. पहिल्या हिशोबाने हेच 60,000 झाले असते. समोर बसलेल्या मेंटेनन्सवाल्याला अनलोडची वीज तोंडपाठ असते. त्याला 60,000 खोटे वाटले की बाकीची सगळी डेक खोटी वाटते. "जगात भारी" आपण रंकाळ्यावर गप्पा मारताना म्हणू, स्लाइडवर 40,000 च बरे.

महिन्याच्या बिलाची तुलना मात्र रिझल्ट म्हणून देऊ नका. त्या महिन्यात ऑर्डरच कमी असतील तर बिल तसंही उतरतं, आणि फाउंड्रीत विजेचा मोठा वाटा फर्नेसचा असतो, कॉम्प्रेसरची बचत त्यात दिसणारही नाही. कॉम्प्रेसरलाच एनर्जी मीटर लावलेला असेल तर त्याचे युनिट द्या, नसेल तर वरची चाचणी. कसं मोजलं हे एका बारीक ओळीत लिहा. ती ओळ परचेसवाला वाचणार नाही, पण तो ज्याच्याकडे डेक पाठवेल तो आधी तीच वाचेल.

तिसरा एक आकडा आहे, जो फारसं कुणी देत नाही: तीन महिन्यांनंतरचा. हवेची गळती परत येते, होज घासतात, कपलिंग सैल होतात. समजा तुमची गळती 10 वरून 12 टक्क्यांवर गेली. ते तसंच लिहा. 30, 10, 12 असे तीन आकडे एका ओळीत दिसले की माणसाला कळतं की हे पैसे घेऊन गायब होणारे नव्हेत. वर्षाचा करार का हवा, हेही त्यातच येतं.

आता ॲक्शन. इथं सेवांची यादी नको, ती डेकमध्ये दुसरीकडे असतेच. या फाउंड्रीत तुम्ही काय ठरवलंत ते लिहा. अल्ट्रासोनिक डिटेक्टर फिरवून प्रत्येक गळतीला टॅग लावला, पण आधी हात घातला तो फेटलिंगमधल्या ग्राइंडरच्या होजना आणि कोअर शूटरच्या सिलिंडर सीलना, कारण तिथं हवा सगळ्यात जास्त जात होती. काम साप्ताहिक सुट्टीत केलं, एकही शिफ्ट बंद ठेवली नाही. सुट्या भागांचा खर्च फाउंड्रीने केला असेल तर तेही लिहा. त्याच सुमारास कॉम्प्रेसरचं प्रेशर सेटिंग खाली आणलं असेल तर त्याची बचत वेगळी दाखवा, गळतीच्या खात्यावर टाकू नका.

सगळं मिळून स्लाइड अशी दिसेल:

शीर्षक: गळती 30 वरून 10 टक्क्यांवर, महिन्याला सुमारे 5,000 युनिटची, म्हणजे 40,000 रुपयांची बचत
चॅलेंज: दुसऱ्या शिफ्टला मोल्डिंग लाइनवर प्रेशर पडायचं. उत्पादन बंद असतानाही 75 किलोवॅटचा कॉम्प्रेसर 30 टक्के वेळ लोडवर.
ॲक्शन: सगळ्या गळत्यांना टॅग. ग्राइंडर होज आणि कोअर शूटर आधी. काम सुट्टीच्या दिवशी, उत्पादन न थांबवता.
रिझल्ट: गळती 10 टक्के, तीन महिन्यांनी 12. दुसऱ्या शिफ्टला प्रेशरची तक्रार नाही.
तळटीप: सुट्टीच्या दिवशी उत्पादन बंद असताना लोड-अनलोडच्या वेळेवरून मोजणी, बचत 20 तास, 25 दिवस, आठ रुपये दर धरून.

शीर्षकात "केस स्टडी 1" लिहून जागा वाया घालवू नका. डेक पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर फिरते, तुम्ही शेजारी बसून समजावायला नसता, आणि मोबाइलवर शीर्षकच काय ते नीट दिसतं. प्रेशरची तक्रार चॅलेंजमध्ये घेतली म्हणून रिझल्टमध्ये तिचंही उत्तर आलं, हे बघा. तिचं काय झालं हे तुम्ही विचारलंच नसेल, तर ती चॅलेंजमधूनही काढा.

राहिला नावाचा प्रश्न. ग्राहकाची ई-मेलवर परवानगी असेल तरच नाव आणि लोगो टाका. नसेल तर "कोल्हापूर परिसरातली फाउंड्री" एवढंच लिहा. शिरोली, अमुक टन क्षमता आणि ट्रॅक्टरचं अमुक कास्टिंग असं लिहिलंत तर नाव झाकून उपयोग नाही, गोकुळ शिरगावचा कुणीही चहा संपायच्या आत ओळखेल. कॉम्प्रेसरची क्षमता राहू द्या, तिच्यावरून कुणी सापडत नाही आणि वाचणाऱ्याला आपल्या शॉपशी ताडून बघायला तीच लागते.