नाव बदललं आणि चॅटबॉटने गुण बदलले, हा भेदभाव समजायचा का?

*"आमच्याकडे अर्जदारांची पहिली चाळणी चॅटबॉट करतो. मी एकच अर्ज आधी मुलाच्या आणि मग मुलीच्या नावाने भरून पाहिला. मुलाला ७२ गुण पडले, मुलीला ६८. पुढच्या फेरीला ७० लागतात. हा भेदभाव झाला का? नीट तपासायचं तर कसं?"*

या दोन आकड्यांवरून काहीच सांगता येणार नाही. भेदभाव असेलही, नसेलही. आधी मुलाचाच अर्ज, त्याच नावाने, त्याच उत्तरांनी पुन्हा भरा, आणि असं चारपाच वेळा करा. बहुतेक वेळा ७२, ६९, ७३, ६७ असं काहीतरी हाती येईल. असे बॉट ज्या भाषा मॉडेलवर चालतात ते पुढचा शब्द काही प्रमाणात यदृच्छेने निवडतं, त्यामुळे तोच अर्ज दोनदा दिला तरी गुण हलतात. ही यदृच्छा कमी करणारं सेटिंग असतं, पण ते शून्यावर नेलं तरी उत्तर दर वेळी तंतोतंत तेच येईल याची खात्री नसते. शिवाय खऱ्या अर्जदारांसमोर बॉट ज्या सेटिंगवर चालतो त्याच सेटिंगवर तो तपासायला हवा. सोयीसाठी शांत केलेला बॉट तपासून काय कळणार?

तेव्हा पहिलं मोजमाप म्हणजे नाव न बदलता होणारी हालचाल. हे वगळून थेट मुलगा-मुलगी तुलना करणारे लोक मी खूप पाहिलेत. त्यांचं एकतर 'भेदभाव सापडला' म्हणून मेल फिरवणं चालू असतं, नाहीतर 'दोनदा पाहिलं, काही नाही' म्हणून फाइल बंद करणं. दोन्हीला आधार सारखाच, म्हणजे नाहीच.

आता खरी तपासणी. समजा तुम्ही ६० अर्ज घेतले. ते अर्ज ७० च्या आसपास घुटमळणारे असू द्या. ९५ गुणांचा अर्ज कुठल्याही नावाने पास होईल आणि ३० चा कुठल्याही नावाने नापास. तिथे नावाला काम करायला जागाच नसते. भेदभाव असलाच तर तो काठावरच्या माणसाला ढकलतो. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती करा, एक रोहन नावाने आणि एक रोहिणी नावाने, आडनाव तेच. समजा ४४ जोड्यांमध्ये दोघांचा निकाल सारखा लागला. त्या बाजूला ठेवा, कारण नावाचा कल कुठे आहे हे त्या सांगत नाहीत. उरलेल्या १६ जोड्यांमध्ये एक पास झाला आणि एक नापास. तुमचा सगळा पुरावा या १६ जोड्यांत आहे.

निकाल १६ जोड्यांत फुटला म्हणून लगेच दचकू नका. रोहनचा अर्ज रोहनशीच ताडून पाहिलात तेव्हाही, समजा, १४ जोड्या फुटल्या होत्या. एवढा बॉट तसाही डळमळतो. पाहायची ती दिशा. बॉटला नावाशी देणंघेणं नसेल तर या १६ पैकी साधारण निम्म्या जोड्यांत रोहन पास व्हायला हवा आणि निम्म्यांत रोहिणी, नाणं उडवल्यासारखं. १० विरुद्ध ६ आलं तर? इतका किंवा याहून जास्त फरक, कुठल्याही बाजूने, निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता साधारण ४५ टक्के आहे. त्यावरून कुणावर आरोप करता येणार नाही. पण १३ विरुद्ध ३ आलं तर तीच शक्यता जवळपास २ टक्क्यांवर येते आणि मग व्हेंडरला फोन करायची वेळ झालेली असते. संख्याशास्त्रात याला मॅकनेमार चाचणी म्हणतात. स्प्रेडशीटमध्ये द्विपद वितरणाचं सूत्र असतं, तेवढं पुरतं.

डळमळ जास्त असेल तर प्रत्येक प्रत पाच वेळा चालवून बहुमताने निकाल धरा. मात्र मग ६० अर्जांचे ३०० अर्ज झाले असं समजू नका. पाच फेऱ्या एकाच अर्जाच्या आहेत, मोजायचं एकक अर्जच राहतं. ही गफलत फार सहज होते आणि नसलेला फरक ठळक दिसायला लागतो.

नावांच्या बाबतीत अजून एक अडचण. रोहन आणि रोहिणी ही जोडी बरी आहे, पण एकट्या जोडीवर भिस्त ठेवू नका. नावात लिंगाशिवाय पिढी, धर्म, जात, शिक्षणाचा अंदाज असं बरंच काही दडलेलं असतं. रोहनसमोर पार्वतीबाई उभ्या केल्यात तर तुम्ही लिंग तपासताय की वय, हे तुमचं तुम्हालाही सांगता येणार नाही. ही पद्धत बॉटपेक्षा जुनी आहे. अमेरिकेत बर्ट्रांड आणि मुलैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे ५,००० बनावट रेझ्युमे नावं बदलून पाठवले होते. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना मुलाखतीचे फोन सुमारे ५० टक्के जास्त आले. त्यांनी प्रत्येक गटासाठी जन्मनोंदींवरून अनेक नावं निवडली होती, तरी या नावांतून वंशाइतकाच आर्थिक थरही सूचित होतो हा आक्षेप आलाच. म्हणून प्रत्येक गटात आठदहा नावं ठेवा, एकाच पिढीची, आणि ती अर्जांवर आळीपाळीने फिरवा. सोबत एक तिसरी प्रत फक्त आद्याक्षरांची ठेवा. रोहिणीला खाली ओढलं जातंय की रोहनला वर उचललं जातंय, याचा अंदाज त्या प्रतीवरून येतो.

संवाद मराठीत असेल तर आपली क्रियापदं आडवी येतात. अर्जात 'मी पाच जणांची टीम सांभाळतो' असं लिहिलंय आणि तुम्ही वरचं नाव तेवढं रोहिणी केलंत, तर अर्जच विसंगत झाला. बॉटने गुण कापले तर ते बाईला कापले की गोंधळलेल्या मजकुराला, हे कळायला मार्ग नाही. दोन उपाय आहेत. सगळीकडे 'सांभाळते' करा, पण मग एकही क्रियापद सुटता कामा नये. किंवा मुळातच 'मी टीम सांभाळली', 'मी प्रकल्प पूर्ण केला' अशी वाक्यं वापरा. तिथे क्रियापद टीमप्रमाणे, प्रकल्पाप्रमाणे चालतं आणि बोलणाऱ्याचं लिंग उघड होत नाही. मी दुसरा उपाय करतो, कारण मग दोन्ही प्रतींत फक्त नाव वेगळं राहतं. ईमेल पत्ताही बदला. रोहिणीच्या अर्जात रोहनचा पत्ता राहून जातो, नाहीतर फोन क्रमांक तोच असल्यामुळे यंत्रणा दुसरा अर्ज 'दुबार' म्हणून मागे टाकते. दोन्ही प्रती एकाच दिवशी आलटून पालटून चालवा. सगळे रोहन सोमवारी आणि सगळ्या रोहिणी शुक्रवारी केल्या आणि मधे व्हेंडरने मॉडेल बदललं, तर सगळी मेहनत वाया जाते.

आता ज्याकडे सहसा कुणी पाहत नाही ते. गुण सारखे आले तरी संभाषण सारखं असेलच असं नाही. एका तपासणीत अर्जात १४ महिने नोकरी नसल्याचा उल्लेख होता. मुलाच्या नावाला बॉटने विचारलं, 'या काळात कोणती नवी कौशल्यं आत्मसात केलीत?' मुलीच्या नावाला विचारलं, 'आता पूर्ण वेळ काम करणं तुम्हाला शक्य होईल का?' पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात गुण मिळवता येतात. दुसऱ्याच्या उत्तरात फक्त 'हो' म्हणता येतं. त्या जोडीचे गुण जवळजवळ सारखे होते, म्हणून नुसता तक्ता पाहणाऱ्याला काहीच दिसलं नसतं.

यासाठी आधी उत्तरांची एक यादी तयार ठेवा. बॉटने पगार विचारला की हे उत्तर, अनुभव विचारला की ते, आणि दोन्ही प्रतींना शब्दशः तेच. यादीत नसलेला प्रश्न आला की तो वेगळा नोंदवा. मग संभाषणांतून नाव आणि लिंग सुचवणारे शब्द खोडून ती दोन वेगळ्या माणसांना वाचायला द्या. प्रश्न कामाबद्दल आहे की घराबद्दल, सूर विचारपूस करणारा आहे की उलटतपासणीचा, एवढंच त्यांनी नोंदवायचं. तुम्ही स्वतः नोंदवू नका. कुठली प्रत कोणाची हे माहीत असलेल्या माणसाला भेदभाव हटकून दिसतो, किंवा हटकून दिसत नाही.

प्रदेश बदलून पाहणं याहून अवघड आहे. सध्याचा पत्ता बदललात आणि काम रोज ऑफिसला येण्याचं असेल, तर अंतराचा विचार करण्यात बॉटची चूक नाही. कॉलेज बदललंत तर दोन अर्ज एकसारखे राहिलेच नाहीत. म्हणून पत्ता आणि पदवी तशीच ठेवून फक्त जन्मगाव किंवा शाळेचं गाव बदला. फरक कमी दिसेल, पण जो दिसेल त्याला दुसरं कारण चिकटवता येणार नाही.

या पद्धतीला न दिसणाऱ्या गोष्टीही आहेत. अमेझॉनने रेझ्युमेंना गुण देणारं एक साधन बनवलं होतं. रॉयटर्सने २०१८ साली बातमी दिली, की हे साधन 'महिलांचा' असा शब्द, उदाहरणार्थ एखाद्या महिला क्लबच्या संदर्भात आला की गुण कमी करत होतं, आणि केवळ महिलांसाठीच्या दोन कॉलेजांच्या पदवीधरांनाही खाली ढकलत होतं. असं साधन नुसतं नाव बदलून पकडलं जाईलच असं नाही. म्हणून काही जोड्यांत नाव तेच ठेवून असे उल्लेख बदला.

दुसरं म्हणजे, बॉट नोकरीतल्या खंडाचे गुण रोहन आणि रोहिणी दोघांचेही सारखेच कापत असेल तर तुमची चाचणी स्वच्छ येणार. पण बाळंतपणामुळे असा खंड खऱ्या अर्जदारांमध्ये बायकांच्या वाट्याला जास्त येतो, त्यामुळे गाळल्या जाणार त्याच जास्त. हे शोधायला बनावट जोड्या उपयोगाच्या नाहीत, खरे निकाल लागतात. अमेरिकेच्या १९७८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये यासाठी चार-पंचमांशचा ठोकताळा आहे: सर्वाधिक निवड होणाऱ्या गटातले १०० पैकी ५० जण पुढे जात असतील आणि दुसऱ्या गटातले ४० पेक्षा कमी, तर त्याचं कारण शोधायचं.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. हे सगळं व्हेंडरकडून चाचणीसाठी वेगळी प्रत मागून घेऊन करा, नाहीतर तुमची एचआर टीम अस्तित्वात नसलेल्या रोहिणींना मुलाखतीसाठी फोन लावत बसेल. आणि प्रत्येक फेरीसोबत तारीख, मॉडेलची आवृत्ती आणि बॉटला दिलेल्या सूचनांचा मजकूर जपून ठेवा. तीन महिन्यांनी व्हेंडर म्हणेल, 'ते जुनं मॉडेल होतं.' तेव्हा तेच ६० अर्ज नव्या मॉडेलवर पुन्हा चालवायचे आणि त्याच १३ विरुद्ध ३ चं आता काय झालं ते त्याला दाखवायचं.