लातूरच्या उन्हाळ्यात एसी किती तापमानावर ठेवावा?

प्रश्न: एसी १८ वर लावला की खोली लवकर गार होते का? बिल कमी येण्यासाठी तापमान आणि फॅन कशावर ठेवावा?

उत्तर: नाही होत, २६ वर लावा, सुरुवातीला एसीचा फॅन हाय ठेवा, खोली गार झाली की ऑटोवर टाका आणि छताचा पंखा एक-दोनवर चालू राहू द्या. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीचा कॉम्प्रेसर १८ असो की २६, एकाच ताकदीने चालतो; १८ वर तो फक्त उशिरा बंद होतो, किंवा होतच नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या अंदाजानुसार एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते. समजा २२ वर रात्रभरात १० युनिट जळतात, तर २६ वर साडेसात-आठ. पंख्याला आठ तासांत जेमतेम अर्धा युनिट लागतो. आपल्याकडे एप्रिल-मेची हवा कोरडी, घाम पटकन वाळतो, म्हणून वारा अंगावर असला की २६ सुद्धा पुरतं. जूनमध्ये दमट झालं की मात्र ड्राय मोड बरा. नुसत्या फॅन मोडमध्ये कॉम्प्रेसर चालतच नाही, बिल कमी दिसतं पण गारवाही नसतो.

एक अडचण: खोली स्लॅबखाली असेल तर दिवसभर तापलेलं छत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतं. बाहेरच्या युनिटचा आवाज तासाभरानेही थांबला नाही, तर आकडा खाली आणू नका. आधी एसीच्या फिल्टरची जाळी धुवा, गच्चीवर पांढरा चुना मारा.