टीएचडी+एनचा आकडा नेमकं काय सांगतो?

प्रश्न: एका अ‍ॅम्पवर टीएचडी+एन ०.०१ टक्के लिहिलंय, दुसऱ्यावर ०.१ टक्के. म्हणजे पहिला दहापट चांगला वाजणार ना?

तसं धरून चालू नका. हा आकडा काढताना अ‍ॅम्पला एकच शुद्ध सूर देतात, बहुधा १ किलोहर्ट्झचा. आउटपुटमधून तो मूळ सूर फिल्टरने गाळतात आणि २० किलोहर्ट्झपर्यंत जे काही उरतं ते सगळं एकत्र मोजतात. त्यात अ‍ॅम्पने स्वतःहून निर्माण केलेले २, ३, ४ किलोहर्ट्झचे हार्मोनिक येतात, खरखर येते, वीजपुरवठ्याची गुणगुणही येते. या उरलेल्याचं एकूण आउटपुटशी प्रमाण म्हणजे तो टक्का. त्यात काय काय मिसळलंय, हे मात्र त्यावरून कळत नाही.

शिवाय तो टक्का किती वॉटला मोजलाय हे बघावं लागतं, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. समजा, पहिल्या अ‍ॅम्पचे ०.०१ टक्के ८ ओहमवर ५० वॉटला मोजलेत. म्हणजे आउटपुट २० व्होल्ट आणि उरलेली घाण २ मिलिव्होल्ट. या अ‍ॅम्पमध्ये क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन आहे असं धरू. लाट शून्यातून जाताना एक ट्रान्झिस्टर काम सोडतो, दुसरा उचलतो, आणि त्या सांध्यावर लाटेला खाच पडते. आवाज कमी केला तरी ही खाच फारशी लहान होत नाही. रात्री हळू ऐकताना ५० मिलिवॉट पुरतात, म्हणजे साधारण ०.६३ व्होल्ट. खाच तीच २ मिलिव्होल्टची राहिली, तर टक्का ०.३ च्या वर जातो. माहितीपत्रकात हे दिसत नाही.

त्यात ही खाच अणकुचीदार, म्हणून तिच्यातून पाचवा, सातवा, नववा असे वरचे हार्मोनिक निघतात. १ किलोहर्ट्झच्या सुराखाली २ किलोहर्ट्झचा दुसरा हार्मोनिक कानाला बराच झाकला जातो, ७ किलोहर्ट्झचा तितका झाकला जात नाही. बीबीसीच्या शॉर्टर यांनी १९५० मध्येच सुचवलं होतं की प्रत्येक हार्मोनिकला त्याच्या क्रमांकाच्या वर्गाला ४ ने भागून तेवढं वजन द्यावं. त्या हिशेबाने दुसऱ्याचं वजन १, सातव्याचं १२ च्या वर. टीएचडी+एन दोघांना सारखंच मोजतं. तुमच्या दुसऱ्या अ‍ॅम्पचे ०.१ टक्के जवळपास सगळे दुसऱ्या हार्मोनिकचे असतील, तर ते ऐकूही येणार नाहीत कदाचित.

म्हणून वॉटनुसार टक्का कसा बदलतो तो आलेख मिळतो का बघा. कमी वॉटला रेष वर चढली की लगेच घाबरू नका, नुसत्या खरखरीनेही ती चढते. खात्रीसाठी त्याच पातळीचा स्पेक्ट्रम बघा. खरखर तळाशी सपाट पसरलेली दिसते, क्रॉसओव्हर असेल तर ३, ५, ७ किलोहर्ट्झवर वेगवेगळे सुळके उभे असतात.