E417 मध्ये ५ टक्के कुणी टाइप केले?

प्रश्न: आमच्याकडे बुडीत येण्यांची तरतूद एक्सेलमध्ये काढतात. आजवर ऑडिटर बेरीज जुळवून पुढे जायचे. यंदा मात्र मूळ फाइल, जुनी व्हर्जन्स आणि हाताने बदललेल्या आकड्यांचे पुरावे मागताहेत. एवढं खोदून ते नेमकं काय शोधतात?

उत्तर:

बेरीज जुळवून पुढे जाणाऱ्यांत एके काळी मीही होतो. थकीत बिलांच्या यादीतून २५ ओळी उचलायच्या, बाकी गुणिले दर करून बघायचं, टिक मारायची, झालं. ती सवय एका कंपनीच्या ऑडिटमध्ये सुटली. तुम्ही विचारलेल्या तिन्ही गोष्टी त्या एकाच फाइलमध्ये सापडल्या होत्या, म्हणून तीच सांगतो.

फाइल साधी होती. १,२३८ थकीत बिलं, प्रत्येकाला एक ओळ. A मध्ये ग्राहक, B मध्ये बिल नंबर, C मध्ये बाकी, D मध्ये थकलेले दिवस, E मध्ये तरतुदीचा दर, F मध्ये C गुणिले E. दर `Rates` नावाच्या वेगळ्या शीटवरून यायचा. एकूण येणी ९ कोटी ६० लाख, पुस्तकात नोंदलेली तरतूद १ कोटी १२ लाख.

पहिला प्रश्न सूत्राचा नव्हताच. तो होता, यातली खरी फाइल कुठली? फोल्डरमध्ये `ECL_Q4_v2.xlsx`, `ECL_Q4_final.xlsx` आणि `ECL_Q4_final_use_this.xlsx` अशा तिघी सुखाने नांदत होत्या. (शेवटचं नाव तुमच्याही फोल्डरमध्ये असेल, पैज लावतो.) अशा वेळी नावावर विश्वास ठेवायचा नाही, आणि ‘Last modified’ तारखेवरही नाही, कारण काहीही न बदलता फाइल नुसती सेव्ह केली तरी ती तारीख पुढे सरकते. जर्नल एंट्रीपासून उलटं चालत यायचं. एंट्री १ कोटी १२ लाखांची होती आणि तो आकडा फक्त शेवटच्या फाइलमध्ये मिळाला. फायनान्स प्रमुखांची सही मात्र ज्या प्रिंटवर होती, तिच्यावर बेरीज होती १ कोटी १८ लाख, म्हणजे v2 ची. तपासणी एका फाइलची झाली आणि नोंद दुसरीची. हे ६ लाख गेले कुठे, ते पुढे कळलं.

मग कच्चा माल. कुठलं बिल किती दिवस थकलंय ते सांगणारा एजिंगचा रिपोर्ट आमच्यासमोर सिस्टीममधून पुन्हा काढून घेतला, तारीख आणि फिल्टर डोळ्यांनी पाहिले, आणि त्याची बेरीज लेजरच्या कंट्रोल अकाउंटशी, म्हणजे सगळ्या ग्राहकांच्या एकत्रित बाकीशी, आणि फाइलमधल्या C कॉलमशी जुळवली. ती जुळली. जिथे जुळत नाही तिथे बहुतेक वेळा कुणीतरी जमा बाकी असलेले ग्राहक गाळलेले असतात.

आता सूत्रं. १,२३८ सेलवर एकेक क्लिक करत बसायचं नसतं. एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये `R1C1 reference style` चालू केलं की खाली ओढत नेलेलं सूत्र प्रत्येक ओळीत अक्षरशः एकसारखं दिसतं, कारण ‘D2’, ‘D3’ असं न लिहिता एक्सेल ‘माझ्या डावीकडचा सेल’ असं लिहितं. मग एका रिकाम्या कॉलममध्ये हे टाकायचं आणि शेवटपर्यंत ओढायचं:

```
=FORMULATEXT(RC5)
```

हे पाचव्या कॉलममधलं, म्हणजे E मधलं, सूत्र मजकूर म्हणून दाखवतं, आणि जिथे सूत्रच नाही तिथे `#N/A` देतं. फिल्टरची यादी उघडली की त्यात एकच सूत्र दिसायला हवं. आम्हाला दोन गोष्टी दिसल्या, १,२३१ ओळींत एक सूत्र आणि ७ ओळींत `#N/A`. त्या सातांकडे येतोच, आधी ते एकच सूत्र बघा. नेहमीच्या पद्धतीने लिहिलं तर ते असं होतं:

```
=VLOOKUP(D2,Rates!$A$2:$B$6,2,TRUE)
```

सगळ्या ओळींत सारखं, कुठे एरर नाही, दिसायला निर्दोष. `Rates` शीटवर मात्र सहा दर होते. ० दिवसांपासून अर्धा टक्का, ३१ पासून २, ६१ पासून ५, ९१ पासून २०, १८१ पासून ५० आणि ३६६ दिवसांपासून १०० टक्के. शेवटचा दर त्याच वर्षी धोरण बदललं तेव्हा सातव्या ओळीत टाइप केलेला होता. सूत्राची रेंज सहाव्या ओळीवर थांबते. रेंजच्या मधे ओळ घातली असती तर एक्सेलने ती आपोआप वाढवली असती, खाली टाइप केलं म्हणून वाढली नाही. आणि `TRUE` मुळे तक्रारही नाही, कारण सूत्र मुकाट्याने आपल्याला दिसणारा सगळ्यात जवळचा खालचा दर, ५० टक्के, उचलतं. वर्षाहून जुनी बिलं ४६ लाखांची होती. त्यांवर ४६ ऐवजी २३ लाखांचीच तरतूद झाली.

हे सूत्र वाचून कळलं असं सांगायला मला आवडलं असतं, पण ते आधी दुसऱ्या वाटेने कळलं. आमच्या टीममधल्या मुलीने कंपनीची फाइल न उघडता, कच्चा एजिंग रिपोर्ट आणि मंजूर धोरणाचा कागद एवढंच घेऊन सगळी तरतूद स्वतः काढली. अर्ध्या दिवसाचं काम. पुढे सकारण ठरलेले दोन अपवाद धरून तिचा आकडा आला १ कोटी ७१ लाख, म्हणजे ५९ लाखांचा फरक. माझ्या मते या सगळ्यात सर्वांत कामाची चाचणी हीच. कंपनीच्या सूत्रात चूक असेल आणि तुम्ही तेच सूत्र पुन्हा चालवलंत तर तीच चूक पुन्हा मिळते. जाता जाता, गणना ‘मॅन्युअल’वर ठेवलेली नाही ना तेही बघून घ्यायचं, नाहीतर पडद्यावर शिळे आकडे असतात आणि F9 दाबताच बेरीज हलते.

आता ते सात `#N/A`. म्हणजे सूत्र पुसून कुणीतरी थेट दर टाइप केला होता. २५ ओळी उचलण्याची आमची जुनी पद्धत इथे किती चालली असती? १,२३८ पैकी यादृच्छिक २५ घेतल्या, तर या सातांपैकी एकतरी हाती लागण्याची शक्यता सुमारे १३ टक्के. म्हणून हाताने बदललेल्या आकड्यांचा नमुना घेत नाहीत, सगळेच तपासतात.

हाताने बदलणं हा स्वतःमध्ये गुन्हा नाही. ग्राहकाने वर्ष संपल्यावर पैसे भरले असतील, बँक गॅरंटी असेल, तर धोरणातला दर न लावण्याला कारण आहे. सातांपैकी दोन तशीच निघाली. एकाची बँकेतली जमा दाखवली, दुसऱ्याची गॅरंटी दाखवली, विषय संपला. उरलेल्या पाचांचं कारण कुणालाच सांगता येईना. सगळ्यांत मोठी ओळ ४१७. बाकी ६४ लाख, २१० दिवस थकलेली, दर ५० टक्के हवा होता, E417 मध्ये ५ टक्के टाइप केलेले. एका सेलमध्ये २८ लाख ८० हजारांचा फरक.

साहजिकच आधी नको तो संशय आला. मग आम्ही मागच्या तिमाहीची फाइल मागवली आणि दोन्ही फाइलींचा E कॉलम शेजारी शेजारी ठेवला. E417 मध्ये तेव्हाही ५ टक्केच होते, फक्त त्या ओळीवर दुसऱ्याच ग्राहकाचं बिल होतं, आणि त्याच्यासाठी ते ५ टक्के रीतसर मंजूर झालेले होते. दर तिमाहीला नवा रिपोर्ट A ते D मध्ये पेस्ट व्हायचा, E आणि F तसेच राहायचे. बिल निघून गेलं, सवलत जागेवर राहिली, आणि त्या जागी जो येऊन बसला त्याला ती मिळाली. पाचांपैकी चार सेल असेच शिळे निघाले. एकात तर दर हवा त्यापेक्षा जास्त लागला होता. चौघांची गोळाबेरीज ३० लाखांची तूट.

जुनी व्हर्जन्स का मागतात याचं उत्तर यात आहे. चालू फाइल कितीही न्याहाळली तरी टाइप केलेला आकडा कालचा की तीन तिमाहींपूर्वीचा, हे ती सांगत नाही. शेअरपॉइंटसारख्या ठिकाणी फाइल असेल तर व्हर्जनच्या यादीत कुणी कधी सेव्ह केली ते दिसतं, पण कुठला सेल बदलला ते ती यादी सांगत नाही, जुनं व्हर्जन उघडून ताडावं लागतं. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचंच `Spreadsheet Compare` आहे, काही ऑफिस आवृत्त्यांसोबत येतं. नसेल तर एका शीटवरून दुसरी वजा करणारं साधं सूत्रही पुरतं.

पाचवा सेल वेगळा होता. तो मागच्या तिमाहीत नव्हता, v2 मध्येही नव्हता. v2 आणि शेवटची फाइल ताडली तेव्हा सगळ्या शीटमध्ये टाइप केलेला एवढाच बदल निघाला. २० लाखांच्या बाकीवर ५० ऐवजी २० टक्के, म्हणजे बरोबर ६ लाख. सही झाल्यानंतर केलेला, कारण न लिहिलेला, नफा वाढवणारा. २३, ३० आणि ६ लाख अशा तीन फरकांत हीच रक्कम सगळ्यांत लहान, पण आमची सगळ्यांत लांब बैठक याच्यावर झाली. व्यवस्थापन स्वतःच नियंत्रणं ओलांडू शकतं ही जोखीम आयएसए २४० या आंतरराष्ट्रीय ऑडिट मानकानुसार प्रत्येक ऑडिटमध्ये धरावीच लागते, तुमच्यावर संशय असो वा नसो. तेव्हा तुमचे ऑडिटर असे प्रश्न विचारत असतील तर मनाला लावून घेऊ नका.

हाताने पेस्ट करण्याची ही पद्धत छोट्या कंपन्यांपुरती नाही. जेपी मॉर्गनला २०१२ मध्ये लंडनच्या व्यवहारांत ६ अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. जोखीम मोजणारं मॉडेल एक्सेल फाइलींवर चालत होतं, आकडे हाताने कॉपी-पेस्ट होत होते आणि एका सूत्रात सरासरीऐवजी बेरजेने भागलं जात होतं, असं बँकेच्याच अहवालात आहे. तोटा एक्सेलने केला नाही, सौद्यांनी केला. पण जोखीम प्रत्यक्षाहून कमी दिसत राहिली.

त्या कंपनीने ५९ लाखांची दुरुस्ती नोंदवली आणि फाइलची रचना बदलली. आता E मध्ये कुणी टाइप करत नाही. अपवाद वेगळ्या शीटवर असतात. बिल नंबर, धोरणातला दर, बदललेला दर, कारण, मंजुरी देणारा आणि ज्या तिमाहीपुरता तो लागू आहे ती तिमाही. E चं सूत्र असं आहे:

```
=IFNA(VLOOKUP(B2,OverrideTbl,3,FALSE),VLOOKUP(D2,RateTbl,2,TRUE))
```

सवलत सेलला न चिकटता बिलाला चिकटते. दोन्ही याद्या एक्सेलचे ‘टेबल’ असल्यामुळे खाली नवा दर टाइप केला की रेंज आपोआप वाढते. एक खोच मात्र आहे. बिल नंबर एका शीटवर आकडा आणि दुसरीवर मजकूर म्हणून साठवलेला असेल, तर अपवाद सापडतच नाही आणि सूत्र निमूटपणे नेहमीचा दर लावतं. म्हणून आम्ही त्यांना शीटच्या माथ्यावर एक मोजणी ठेवायला सांगितली, मंजूर अपवाद किती आणि प्रत्यक्ष लागलेले किती. पहिल्याच तिमाहीत ती ९ आणि ७ निघाली.