ड्रॉवरमधलं न पाठवलेलं पत्र

प्रश्न: इंदूरला लोकमान्य नगरात फेब्रुवारीपासून भाड्याने राहतो. भाडं 14,000, डिपॉझिट 28,000, करार अकरा महिन्यांचा. मालकांच्याच कपाटाच्या ड्रॉवरमध्ये आधीच्या भाडेकरूने त्यांना लिहिलेलं, पण न पाठवलेलं पत्र सापडलं. पाकीट उघडंच होतं. त्यात आहे: "पावसाळ्यात कपाटामागची भिंत दोनदा ओली झाली, काका, तुम्ही स्वतः बघून गेलात. लाइट बिलाचे 3,600 माझ्याकडे निघतात, ते कापून बाकी डिपॉझिट द्या." माझ्या करारात मात्र "घर सुस्थितीत मिळाले" असं लिहिलंय. पत्र काकांना दाखवू का?

उत्तर: तूर्त दाखवू नका. हे पत्र मालकांविरुद्ध जवळजवळ निरुपयोगी आहे आणि ज्याने लिहिलं त्याच्याविरुद्ध मात्र चालू शकतं.

"तुम्ही बघून गेलात" हे वाक्य मालकांपर्यंत पोचलेलंच नाही, त्यामुळे त्यांना ओलीची लेखी सूचना मिळाली असं म्हणता येत नाही. ते खरं की खोटं हेही कागद सांगणार नाही, लिहिणाऱ्यालाच साक्षीला यावं लागेल. बिलाच्या 3,600 रुपयांचं तसं नाही. ती त्याची स्वतःची कबुली आहे, आणि कबुली कुणाला कळवलेली असलीच पाहिजे असं नाही. साहू विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःशी पुटपुटलेले शब्दही कबुलीजबाब ठरू शकतात असं मानलं. तो खटला फौजदारी होता, पण तत्त्व इथे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पत्र काकांच्या हाती दिलंत तर परक्या माणसाच्या डिपॉझिटमधून कापायचा कागद तुम्हीच पुरवाल. त्याच्या नावाने ते पोस्टात टाकण्याचा तर विचारही नको.

पत्र त्याचं आहे. सापडलेली वस्तू ठेवून घेणाऱ्यावर ती नीट सांभाळण्याची जबाबदारी करार कायद्याच्या कलम 71 ने येते. शेजारी किंवा दलालाकडून त्याचा नंबर मिळवा आणि पत्र परत करा. त्याच वेळी विचारा, काका भिंत बघायला कधी आले होते, तेव्हाचे फोटो किंवा व्हॉट्सॲप मेसेज आहेत का? काकांनी त्यावर "मिस्त्री पाठवतो" एवढं जरी उत्तर दिलं असेल, तरी तुमच्यासाठी ते या अख्ख्या पत्रापेक्षा मोलाचं आहे. त्याचं डिपॉझिट अडकलं असेल तर दावा करायला ते देय झाल्यापासून साधारण तीन वर्षं असतात, हेही त्याला सांगा.

हे सगळं मोलाचं का? मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 108 प्रमाणे घरातला महत्त्वाचा दोष मालकाला माहीत असेल, भाडेकरूला नसेल आणि साधारण काळजी घेऊनही दिसला नसता, तर तो सांगणं मालकावर बंधनकारक आहे, करारात वेगळं ठरलं नसेल तर. फेब्रुवारीत कोरडी असलेली, वरून कपाटाने झाकलेली भिंत या व्याख्येत बसू शकते. अडतं ते "मालकाला माहीत होतं" हे सिद्ध करण्यावर.

तुमची खरी जोखीम घर सोडताना आहे. "सुस्थितीत मिळाले" या ओळीवर सही असल्याने ओलीचा डाग तुमच्या नावावर लागेल आणि रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून जातील. म्हणून पावसाळ्याआधीच काकांना बोलावून त्यांच्यासमोर कपाट सरकवा. पांढरा लोणा, फुगलेला रंग, बाकी भिंतीहून वेगळ्या छटेची पुट्टी दिसली तर डाग जुना आहे असं समजा. एक फोटो पूर्ण भिंतीचा, एक डागाला टेप लावून. त्याच दिवशी मेसेज करा आणि तोच मजकूर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा:

"काका, आज तुमच्यासमोर कपाट सरकवल्यावर मागच्या भिंतीवर सुमारे 3 फूट बाय 2 फूट ओलीचा जुना डाग दिसला. फोटो सोबत आहेत. पंधरा दिवसांत दुरुस्ती करून द्यावी ही विनंती. हा डाग मी राहायला येण्यापूर्वीचा आहे, अशी नोंद कराराला जोडू या."

पत्राचा उल्लेख यात मुद्दामच नाही, त्याची गरज पडत नाही. काकांनी "हो, बघतो" लिहिलं की ओलीची सूचना त्यांना मिळाल्याचा पुरावा तुमच्या हातात आला. मूळ चॅट पुसू नका, फोनही बदलू नका. कोर्टात स्क्रीनशॉट द्यायचा झाल्यास भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं. नोंदीचा कागद साधा चालेल, मात्र दोघांच्या सह्या आणि तारीख हवी.

यात बहुतेकजण चुकतात ते भाडं कापण्यात. स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, पण ती दुरुस्ती मालकावर बंधनकारक असेल, तुम्ही सूचना दिली असेल आणि वाजवी वेळ गेली असेल तरच. करारातलं दुरुस्तीचं कलम आधी वाचा. तोवर भाडं वेळेवर, बँकेतूनच भरा. थकबाकी हे मध्य प्रदेशच्या 1961 च्या स्थान नियंत्रण कायद्यात घर खाली करून मागण्याचं कारण आहे, ते काकांना आयतं देऊ नका.